मोबाइलच्या माथ्यावरची अक्षरे : पालघर-बोईसर पट्ट्यातील E, H+ आणि LTE यांचा इतिहास

१/
१९ मे २०१० रोजी केंद्र सरकारचा एक ई-लिलाव संपला. तो ३४ दिवस चालला, त्याच्या १८३ फेऱ्या झाल्या आणि त्यातून ६७,७१९ कोटी रुपयांची बोली निश्चित झाली. विकली गेली ती जमीन नव्हती, खाणही नव्हती. त्या होत्या २१०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी. पुढील काही वर्षे पालघर आणि बोईसरच्या रहिवाशांना मोबाइलच्या माथ्यावर कधी H, कधी H+, तर कधी अचानक E का दिसत असे, याचे उत्तर बऱ्याच अंशी या लिलावात दडले आहे. हा धागा त्या अक्षरांच्या जन्माचा, त्यांच्या खऱ्या अर्थाचा आणि त्यांच्याविषयी रूढ झालेल्या गैरसमजांचा.

२/
प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मोबाइलच्या वरच्या पट्टीत दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. चढत्या दांड्या सांगतात, की टॉवरचा संकेत किती जोरात पोहोचतो आहे. त्यांच्याजवळचे अक्षर सांगते, की टॉवर आणि मोबाइल एकमेकांशी कोणत्या पद्धतीने बोलत आहेत. या दोहोंपैकी एकही चिन्ह प्रत्यक्ष वेग मोजत नाही. मनोरजवळ ‘राष्ट्रीय महामार्ग’ असा फलक दिसला म्हणजे रस्त्याचा प्रकार कळतो. पुढे चारोटी नाक्यावर वाहने खोळंबली आहेत की नाही, हे त्या फलकावरून कळत नाही. अक्षराचेही तसेच आहे.

३/
सर्वांत जुनी अक्षरे G आणि E. भारतात पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाला. ती जीएसएम पद्धत मुळात बोलण्यासाठी आखलेली होती. तिच्यात २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या एका वाहिनीचे काळानुसार आठ भाग पाडतात आणि प्रत्येक भागात एक संभाषण चालते. पुढे इंटरनेटची गरज उभी राहिली, तेव्हा रिकामे राहिलेले भाग माहिती वाहून नेण्यासाठी वापरले जाऊ लागले. ही झाली जीपीआरएस पद्धत, म्हणजेच G. तिच्यात चार भाग एकत्र वापरले तरी प्रत्यक्षात सेकंदाला ४०-५० किलोबिटच्या आसपास माहिती येई.

४/
E म्हणजे एज. वाहिनी तीच, भागही तेच. पण प्रत्येक भागात अधिक माहिती कोंबण्याची युक्ती नवी. एका भागातून जास्तीत जास्त ५९.२ किलोबिट, म्हणजे चार भागांतून सुमारे २३७ किलोबिट. ही झाली कागदावरची मर्यादा. अंतर, अडथळे आणि संभाषणांनी अडवलेले भाग विचारात घेता हाती सुमारे १०० किलोबिट येत. दोन मेगाबाइटचे एक छायाचित्र म्हणजे सोळा हजार किलोबिट. ते E वर उतरायला १६० सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेतीन मिनिटे. साधा मजकूर मात्र त्याच E वर काही क्षणांत पोहोचतो, कारण तो काही किलोबाइटचाच असतो. शिधावाटप दुकानातील अंगठ्याच्या ठशाची पडताळणी कमकुवत जाळ्यावरही बऱ्याचदा पार पडते, याचे कारण हेच. देवाणघेवाण थोडी असते, म्हणून ती संथ वाटेनेही निभावते.

५/
मग आली तिसरी पिढी. जपानमध्ये १ ऑक्टोबर २००१ रोजी तिची व्यापारी सेवा सुरू झाली. २०० किलोहर्ट्झऐवजी ५ मेगाहर्ट्झ, म्हणजे पंचवीस पट रुंद वाहिनी. तिच्या पहिल्या रूपात एका ग्राहकाला ३८४ किलोबिटपर्यंत वेग मिळे. मोबाइलवर केवळ 3G हे चिन्ह दिसते, तेव्हा मूळ अर्थ इतकाच असतो. भारतात ही सेवा प्रथम सरकारी कंपन्यांनी आणली: २००८ च्या डिसेंबरात एमटीएनएलने दिल्लीत, आणि पाठोपाठ २००९ मध्ये बीएसएनएलने.

६/
H हे अक्षर याच ५ मेगाहर्ट्झच्या वाहिनीवर बेतलेल्या सुधारणेचे. मूळ 3G मध्ये ग्राहकाला एक छोटी स्वतंत्र वाट दिली जाई. त्याने ती वापरली नाही तरी ती त्याच्यासाठी अडकून राही. H मध्ये सर्वांसाठी एकच मोठी सामाईक वाट केली गेली. दर दोन सहस्रांश सेकंदाला टॉवर ठरवतो, की या क्षणी माहिती कोणाला पाठवायची. ज्याचा संकेत त्या क्षणी चांगला, त्याला झुकते माप. त्यामुळे कागदावरील कमाल वेग १४.४ एमबीपीएसपर्यंत गेला. पण ‘सामाईक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. हे १४.४ एका ग्राहकाचे नव्हेत. त्या टॉवरच्या त्या दिशेला असलेल्या सर्वांचे मिळून आहेत.

७/
H+ मध्ये आणखी दोन युक्त्या आल्या. पहिली म्हणजे, लहरीच्या एका स्पंदात चार बिटऐवजी सहा बिट भरायचे. त्यामुळे कमाल वेग दीडपट होऊन सुमारे २१ एमबीपीएस झाला. मात्र इतकी दाट माहिती ओळखता येण्यासाठी संकेत अतिशय स्वच्छ असावा लागतो. टॉवरपासून दूर गेल्यावर मोबाइल आणि टॉवर आपोआप जुन्या, विरळ भरणीवर परततात. वरचे अक्षर तरीही H+ च राहते. दुसरी युक्ती म्हणजे, शेजारच्या दोन वाहिन्या, म्हणजे एकूण १० मेगाहर्ट्झ, एकत्र वापरायच्या. तेव्हा कमाल वेग ४२ एमबीपीएस होतो. H+ हे चिन्ह २१ चे आहे की ४२ चे, हे ते स्वतः सांगत नाही.

८/
आता पुन्हा २०१० च्या लिलावाकडे. त्यात जिंकणाऱ्या प्रत्येक खासगी कंपनीला एका परिमंडळात, म्हणजे सर्कलमध्ये, एकच ५ मेगाहर्ट्झचा तुकडा मिळाला. दोन वाहिन्या जोडण्यासाठी दुसरी वाहिनी लागते; ती त्या लिलावातून कोणालाच मिळाली नाही. परिणामी परदेशी जाहिरातींमधील ४२ एमबीपीएसचा H+ त्या तुकड्याच्या बळावर येथे शक्यच नव्हता. त्या काळी पालघर स्थानकाबाहेर दिसणाऱ्या H+ चा अर्थ होता: टॉवरच्या एका दिशेला सर्वांत मिळून, उत्तम स्थितीत, सुमारे २१ एमबीपीएस. एका ग्राहकाच्या वाट्याला एक ते चार येणे हे चांगले दिवस.

९/
लिलावाची दुसरी बाजू भूगोलाची. दूरसंचार परवान्यांच्या नकाशावर मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ आहे. त्यात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण या दूरध्वनी केंद्रांची स्थानिक क्षेत्रे येतात. उर्वरित राज्य आणि गोवा मिळून महाराष्ट्राचे परिमंडळ. मुंबईचा दूरध्वनी संकेतांक ०२२, तर पालघर-बोईसरचा ०२५२५. रेल्वेमार्ग एकच, नोकरीसाठीची रोजची ये-जा एकच. पण लहरींच्या हिशेबात ही दोन वेगळी राज्ये. ५ मेगाहर्ट्झच्या त्याच तुकड्यासाठी मुंबईत सुमारे ३,२४७ कोटी रुपयांची बोली लागली, महाराष्ट्रात सुमारे १,२५८ कोटींची.

१०/
जिंकणाऱ्यांची नावेही वेगळी होती. मुंबईत व्होडाफोन, एअरटेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स. महाराष्ट्रात व्होडाफोन, आयडिया आणि टाटा. दोन्हीकडे असलेली एकटी व्होडाफोन. याचा परिणाम थेट मोबाइलच्या पट्टीवर उमटला. एखाद्या प्रवाशाकडे एअरटेलचे कार्ड आहे असे धरू. मुंबईत त्याला कंपनीच्या स्वतःच्या लहरींवर H दिसे. हद्द ओलांडून उत्तरेकडे सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर या वाटेने जाताना त्या कंपनीकडे लिलावातील 3G लहरी नव्हत्याच. मग उरत होते E, किंवा दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरचा उसना H. मोबाइल तोच, दांड्याही भरलेल्या; फरक होता तो परवान्याचा. दांड्या पूर्ण असताना E दिसते म्हणजे मोबाइल बिघडला, हा निष्कर्ष येथे साफ चुकला असता.

११/
हा उसना H पुढे मोठ्या वादाचा विषय झाला. एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी २०११ मध्ये आपसांत करार केले होते: जेथे एकाकडे 3G नाही, तेथे त्याचा ग्राहक दुसऱ्याच्या जाळ्यावर चालेल. ज्या परिमंडळात लहरी विकत घेतल्या नाहीत, तेथे ती सेवा विकणे परवान्यात बसत नाही, अशी भूमिका घेऊन दूरसंचार विभागाने डिसेंबर २०११ मध्ये हे करार बंद करण्याचा आदेश दिला. प्रकरण न्यायासनांपुढे गेले. एप्रिल २०१४ मध्ये दूरसंचार विवाद निवारण न्यायाधिकरणाने कंपन्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्यातून वेगळा पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याची हद्द सर्वांना ठाऊक झाली. लहरींची हद्द मात्र केवळ त्या एका अक्षरातून कळत असे.

१२/
ग्राहकाच्या दृष्टीने ते अक्षर पैशाचेही होते. त्या काळी 2G आणि 3G यांचे पॅक वेगळे असत आणि 3G चे महाग. महाग पॅक घेतलेल्या माणसाला दिवसभर E दिसत राहिले, तर तो ज्या सेवेचे पैसे मोजत होता ती त्याला मिळतच नव्हती. म्हणून पट्टीवरचे अक्षर वाचता येणे ही तेव्हा हिशेब तपासण्याची बाब होती. त्यात एक खाच होती. अनेक मोबाइलवर काहीही उतरत नसताना 3G दिसे आणि पान उघडताच H उमटे. हा दोष नव्हता. सामाईक वेगवान वाट काम असतानाच दिली जाते, आणि काही मोबाइल तेव्हाच अक्षर बदलतात. त्यामुळे अक्षर वाचायचे ते माहितीची देवाणघेवाण चालू असताना, स्थिर पडद्यावर नव्हे.

१३/
दरम्यान जगात चौथी पिढी येऊन ठेपली होती. एलटीई या पद्धतीची पहिली व्यापारी सेवा १४ डिसेंबर २००९ रोजी स्टॉकहोम आणि ओस्लो येथे सुरू झाली. तेथूनच नावांचा गोंधळ सुरू झाला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची चौथ्या पिढीची मूळ कसोटी इतकी कडक होती, की पहिले एलटीईही तिच्यात बसत नव्हते. डिसेंबर २०१० मध्ये संघटनेने सौम्य भूमिका घेतली: एलटीईला, आणि 3G च्या बऱ्याच सुधारलेल्या रूपांनाही, 4G म्हणता येईल. अमेरिकेतील काही कंपन्यांनी लगेच H+ ला 4G म्हणून विकायला घेतले. २०१२ मध्ये आयफोनच्या एका सुधारित आवृत्तीनंतर तेथील एटी अँड टीच्या ग्राहकांना एका रात्रीत 3G च्या जागी 4G दिसू लागले. जाळे कालचेच होते.

१४/
भारतात कंपन्यांनी 4G हे नाव एलटीईसाठीच वापरले. म्हणून येथे एका मोबाइलवर LTE आणि दुसऱ्यावर 4G दिसले, तर ती एकच गोष्ट आहे. कोणते अक्षर उमटावे, हे अँड्रॉइडमध्ये कंपनीनिहाय नोंदींतून ठरते. त्या नोंदींची नावेच बोलकी आहेत:

```
show_4g_for_lte_data_icon_bool
show_4g_for_3g_data_icon_bool
```

पहिली नोंद चालू असेल तर LTE ऐवजी 4G दिसते. दुसरी चालू असेल तर 3G च्या जागीही 4G दाखवता येते. म्हणजे अक्षर हे मापकाने मोजलेले मूल्य नाही. ते कोणीतरी ठरवून दिलेले नाव आहे. आयफोनवर H किंवा H+ ही अक्षरे दिसतच नाहीत. तेथे भारतात तो सारा वर्ग 3G या नावाखाली येतो.

१५/
भारतात एलटीई प्रथम एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात आली. पण सर्वदूर पसरली ती ५ सप्टेंबर २०१६ नंतर, जेव्हा जिओची सेवा खुली झाली. जिओकडे 2G किंवा 3G नव्हतेच. ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर केवळ एलटीई. या तीन आकड्यांत पालघर जिल्ह्याची बरीच कथा सामावली आहे. ८५० च्या लहरी लांब जातात आणि भिंतींतून आत शिरतात. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात दूरवरच्या पाड्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता त्यांचीच अधिक. २३०० च्या लहरी लवकर विरतात; पण तेथे रुंद तुकडे उपलब्ध असल्याने बोईसरसारख्या दाट वस्तीत त्यांचा उपयोग मोठा. दोन्ही ठिकाणी अक्षर एकच: LTE.

१६/
रुंदीचा परिणाम किती, हे आकड्यांत पाहू. दोन अँटेनांच्या साध्या एलटीईत ५ मेगाहर्ट्झवर कमाल वेग सुमारे ३७ एमबीपीएस, १० वर ७५ आणि २० वर १५०. H+ एका वाहिनीवर २१, दोन वाहिन्यांवर ४२. म्हणजे ५ मेगाहर्ट्झची अरुंद एलटीई आणि १० मेगाहर्ट्झचा H+ यांची कागदावर तुलना केली, तर H+ किंचित पुढेच निघते. एलटीईचे खरे बळ दोन गोष्टींत आहे. तिला रुंद तुकडे वापरता येतात, आणि तिचे उत्तर लवकर येते. विचारणा केल्यापासून पहिले उत्तर यायला E वर अनेकदा अर्धा सेकंद जातो, H वर दशांश सेकंदाच्या आसपास आणि एलटीईवर त्याच्या निम्म्याहून कमी. पान ‘झटकन’ उघडल्यासारखे वाटते ते बऱ्याचदा या कारणाने.

१७/
आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले, पण वास्तवाला धरून. तारापूर औद्योगिक वसाहतीतील पाळी सुटली आहे आणि बोईसर स्थानकावर गर्दी झाली आहे. एका एलटीई टॉवरची एक बाजू फलाटाकडे वळलेली आहे आणि तिच्याकडे १० मेगाहर्ट्झ आहेत. कमाल ७५ असली, तरी जवळचे-दूरचे सर्व ग्राहक धरून सरासरी १५ एमबीपीएस निघतात. दुपारी पाच जण वापरत असतील, तर प्रत्येकाला ३. संध्याकाळी साठ जण एकाच वेळी चित्रफिती पाहू लागले, तर प्रत्येकाला पाव एमबीपीएस. दोन मेगाबाइटचे तेच छायाचित्र आता ६४ सेकंद घेईल. दांड्या पूर्ण, अक्षर LTE, आणि अनुभव जवळजवळ E चा.

१८/
त्याच फलाटावर एका व्यक्तीकडे दुसऱ्या कंपनीचे कार्ड आहे आणि H+ दिसते आहे. त्या जाळ्याची सरासरी ५ एमबीपीएसच. पण ते वापरणारे चारच. प्रत्येकाला सव्वा एमबीपीएस. छायाचित्र सुमारे १३ सेकंदांत. ‘जुने’ अक्षर ‘नव्या’ अक्षराच्या पाचपट वेगाने काम करते आहे. अशा वेळी LTE वाला मोबाइल पुन्हा पुन्हा बंद-चालू करून काहीही साधत नाही, कारण अडचण मोबाइलमध्येही नाही आणि संकेतातही नाही. ती वाटेवरच्या गर्दीत आहे. हीच ओळखण्याची खूण: अक्षर आणि दांड्या स्थिर, पण वेग दिवसाच्या वेळेनुसार बदलतो, तर कारण गर्दी. वेळेशी संबंध नाही, पण खोली बदलताच किंवा गाव सोडताच अक्षर बदलते, तर कारण संकेताची पोच.

१९/
अक्षर बदलण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते अनेकांना बुचकळ्यात टाकते. पहिल्या एलटीईत संभाषणाची सोय नव्हती. त्यामुळे फोन येताच मोबाइल एलटीई सोडून 3G किंवा 2G वर उतरतो आणि LTE च्या जागी H किंवा E दिसू लागते. H वर उतरला, तर बोलणे आणि इंटरनेट दोन्ही चालू राहतात. E वर उतरला, तर बहुतेक मोबाइलवर बोलणे संपेपर्यंत माहितीचा प्रवाह थांबतो. फोनवर बोलता बोलता दुकानात यूपीआयने पैसे देऊ पाहणाऱ्याचा व्यवहार अडकतो तो अशा वेळी. दोष बँकेचा असेलच असे नाही. पट्टीवर VoLTE हे चिन्ह असेल, तर संभाषणही एलटीईवरूनच चालते आणि हा उतार टळतो. जिओला जुने जाळे नसल्याने तिला ही सोय पहिल्या दिवसापासून करावी लागली.

२०/
H+ चा अस्तकाळ याच सुमारास सुरू झाला. महाराष्ट्र परिमंडळातील २०१० च्या तीन विजेत्यांपैकी व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एकत्र आल्या. टाटाची ग्राहकसेवा २०१९ मध्ये एअरटेलमध्ये विलीन झाली, म्हणजे त्याच एअरटेलमध्ये, जिला लिलावात महाराष्ट्राचा तुकडा मिळाला नव्हता. आणि एअरटेलने २०१९-२० मध्ये आपले 3G बंद करून त्या लहरी 4G कडे वळवल्या. २१०० मेगाहर्ट्झच्या लहरी तेथेच राहिल्या. त्यांच्यावरून चालणारी पद्धत बदलली, म्हणून अक्षर बदलले. बीएसएनएलचे 3G मात्र पुढेही चालू राहिले. त्या कंपनीच्या स्वदेशी 4G जाळ्याचे देशव्यापी उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले.

२१/
3G गेल्याचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. पूर्वी LTE चा संकेत तुटला, तर मोबाइल H+ वर, आणि तोही नसेल तर E वर येत असे. मधली पायरी होती. ज्या जाळ्यातून 3G काढले गेले, तेथे ती पायरी नाही. LTE ची पोच संपली, की थेट E. वेग कागदावर शेकडो पटींनी कोसळतो, आणि ज्याच्याकडे जुना, एलटीई नसलेला मोबाइल आहे, तो कायमचा E वर राहतो. अशा घरात मुलाची ऑनलाइन शिकवणी अडखळत असेल, तर मोठा पॅक भरून उपयोग नाही. प्रथम पाहायचे ते हे, की मोबाइल एलटीई जाणतो का आणि कार्ड 4G चे आहे का.

२२/
5G चे चिन्ह याहूनही जपून वाचावे लागते. भारतात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. जिओने स्वतंत्र 5G जाळे उभारले, तर एअरटेलने आरंभी 4G च्या आधाराने चालणारे. या दुसऱ्या प्रकारात मोबाइल प्रथम एलटीई टॉवरला जोडलेला असतो. तो टॉवर ‘येथे 5G जोडता येऊ शकते’ अशी सूचना प्रसारित करतो, आणि ती ऐकूनच अनेक मोबाइल 5G चे चिन्ह उमटवतात. प्रत्यक्ष माहिती त्या क्षणी एलटीईवरूनच येत असली तरी. 4G+ किंवा LTE+ हे चिन्ह त्यामानाने सरळ आहे: एलटीईचे दोन किंवा अधिक तुकडे जोडून वापरता येत आहेत.

२३/
अक्षराच्या पलीकडे पाहण्याची सोय मोबाइलमध्येच असते. अनेक अँड्रॉइड मोबाइलवर डायल पडद्यावर पुढील आकडे टाकले, की एक तपासणी पान उघडते. आयफोनसाठी दुसरी ओळ आहे.

```
*#*#4636#*#*
*3001#12345#*
```

तेथे जाळ्याचा प्रकार आणि संकेताचे बळ उणे आकड्यांत दिसते. एलटीईसाठी उणे ९० च्या वर म्हणजे चांगले, उणे ११० च्या खाली म्हणजे अशक्त, आणि उणे १२० म्हणजे तुटण्याच्या बेतात. मात्र H चा आकडा आणि LTE चा आकडा यांची थेट तुलना करू नये. H मध्ये ५ मेगाहर्ट्झच्या सबंध वाहिनीतील संकेत मोजला जातो, तर एलटीईत केवळ १५ किलोहर्ट्झच्या एका बारीक रेषेवरचा. म्हणून LTE चा आकडा नेहमीच अधिक उणा दिसतो.

२४/
सारांश असा. रोजच्या वापरात G म्हणजे ४०-५० किलोबिट, केवळ मजकुरापुरते. E म्हणजे सुमारे १०० किलोबिट. संदेश जातो, छायाचित्र रखडते. साधे 3G म्हणजे तीन-चारशे किलोबिटपर्यंत. H आणि H+ म्हणजे एक ते चार एमबीपीएस, टॉवर जवळ आणि गर्दी कमी असेल तर अधिक. LTE किंवा 4G म्हणजे पाव एमबीपीएसपासून कित्येक दशकांपर्यंत काहीही. हा शेवटचा पल्ला इतका मोठा आहे, कारण त्या तीन अक्षरांमागे तुकड्याची रुंदी, टॉवरचे अंतर आणि सोबत वापरणाऱ्यांची संख्या या तीन गोष्टी लपलेल्या आहेत.

२५/
२०१२ साली पालघर स्थानकावर भरलेल्या दांड्यांशेजारी E दिसणाऱ्या प्रवाशाला त्याचा मोबाइल खरे तेच सांगत होता: येथे या कंपनीचा परवाना संपतो. आज बोईसरच्या फलाटावर LTE दिसूनही पान न उघडणाऱ्यालाही त्याचा मोबाइल खरेच सांगतो आहे: वाट रुंद पद्धतीची आहे. त्या वाटेवर या क्षणी किती जण उभे आहेत, हे सांगणारे अक्षर मात्र अद्याप कोणत्याही पट्टीवर आलेले नाही.